वर्तुळांबाहेरची सहा घरं

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. लिहिण्याचा माझा अधिकार नाही, तरी लिहितोय, माफ करा.

देवबागच्या ग्रामसभेला साठ घरांतून एकेक माणूस आला होता. धंदा नसलेल्या घरांसाठी प्रशिक्षण मागायचं होतं. आमच्या घरातून आई होती; मला फक्त हात मोजायला उभं केलं. मासेमारी अडतीस, होमस्टे पंचवीस, पर्यटकांच्या होड्या वीस. "यातलं काहीच नाही?" विचारल्यावर लाजेनं एकही हात वर झाला नाही. माझ्या आईचाही नाही.

"घरां साठ आणि हात त्र्याऐंशी? ह्याच शिकवतत रे कॉलेजात?" सरपंच हसले. "कोणच उरूक नाय. विषय संपलो."

मी अडून बसलो. दोन-दोन धंदे करणाऱ्यांचे हात मोजले: मासेमारी-होमस्टे चौदा, होमस्टे-होड्या नऊ, मासेमारी-होड्या अकरा. तिन्ही करणारे पाच, तेही या प्रत्येक जोडीत आलेलेच. फळ्यावर एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळं काढली. त्र्याऐंशीतून चौतीस वजा केले, एकोणपन्नास उरले. पण मधली पाच घरं तीनदा मोजून तीनदाच वजा झाली होती. ती परत मिळवली. चोपन्न.

"सहा घरं बाहेर आहेत," मी म्हणालो. कोणती, ते बोललो नाही.

सरपंचांनी प्रशिक्षणाच्या सहा जागांची मागणी लिहून घेतली.

परवा हॉस्टेलवर आईचा फोन आला. "जागा मंजूर झाल्यो रे. सोमवारपासून माका जावचा आसा."