शब्दरचना: खुद्द शेठ

साताऱ्यात सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर येणाऱ्या जाहिरातींच्या काचा जोतीराम पेंटर रंगवायचा. लष्करात ट्रकांवर अक्षरं काढून हात बसलेला. कापड-शिलाईवाल्या रायगोंडाशेठसाठी त्यानं लिहिलं, ‘लग्न ठरलं? माप द्या! सूट आठ दिवसांत, फिटिंग गॅरंटीड!’

भरल्या दुकानात शेठनं ती काच आपटून फोडली. “ही कसली खिचडी? तू रंगारी हायस, डोकं चालवू नगंस. जावयानं लिहिलंय तसंच काढ.”

जावयाचं मराठी इंग्रजीतून उतरवलेलं: ‘आम्ही आपल्या शरीरावर समाधान शिवतो.’ आणि इंग्रजी मराठीतून: ‘Eight days inside suit will give.’

जोतीरामचं टाळकं सणकलं. “काढतो की. काना-मात्रा बदलणार न्हाई.” जन्मात काढली नव्हती इतकी देखणी अक्षरं त्यानं काढली. कोपऱ्यात, स्वतःचं नाव टाकायच्या जागी, लिहिलं: ‘शब्दरचना: खुद्द रायगोंडाशेठ.’ आणि काच शेठला न दाखवता परस्पर थेटरात पोचवली.

शनिवारी शेठ जावयाला घेऊन बाल्कनीत बसला. काच पडद्यावर आली आणि थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. “शेठ, आमच्या अंगावर टाके घालू नगा!” खालून कुणीतरी ओरडलं.

शेठ धावत बाहेर आला. दारात जोतीराम बिडी ओढत उभा होता.

“काढ ती काच!”

“महिन्याचा करार तुमीच केलाय, शेठ,” जोतीराम म्हणाला. “रोज तीन खेळ.”