उपटून लावलेला कोपरा

आमच्या आईला भाताच्या खाचरात मोकळी जागा बघवत नाही. पाहुण्यांच्या पंगतीत एखादं पान मांडायचं राहिलं तर जशी ती अस्वस्थ होते, तशीच शेतातल्या रिकाम्या जागेने होते. त्या वर्षी शेत राहणार की जाणार हा प्रश्न तिच्या या खोडीवर येऊन अडकला.

बदलापूरच्या बाहेर, डोंगराच्या बाजूला आमची दोन खाचरं आहेत. खालच्यात पाणी तुंबतं, वरच्यात थांबत नाही. वडील गेल्यापासून आई एकटीच ती कसते. दादा अंबरनाथच्या एमआयडीसीत ऑपरेटर, मी तिथल्याच बुवापाड्यात राहते आणि एका वर्कशॉपमध्ये बिलं बनवते. लावणीला येणाऱ्या बाया आता कंपन्यांमध्ये पॅकिंगला जातात, आणि आईची कंबर दोन वर्षांपासून साथ देत नाही. दादाने उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं की या वर्षी पीक धड आलं नाही तर दोन्ही खाचरांत भराव टाकायचा, एक जण डंपर उभे करायला जागा मागतोय. तो वाईट माणूस नाही. आईला वाकलेली बघून तो रडकुंडीला येतो आणि मग आवाज चढवतो, हा आमच्या घराण्याचा रोगच आहे.

वरच्या खाचरात लावणी न करता सरळ बी पेरायचं, ही कल्पना माझी. गावातल्या बैठकीत कृषी सहायकाने समजावलं होतं. रोप उपटताना मुळं तुटतात, मग नवी मुळं फुटेपर्यंत ते वाढायचं थांबतं. पेरलेल्या भाताला हा धक्काच नाही, त्यामुळे त्याचे फुटवे, म्हणजे बाजूला फुटणाऱ्या काड्या, लवकर आणि अगदी बुडापासून निघतात. मात्र रोपं दाट असल्याने एकेका रोपाला फुटवे कमी दिसतात, आणि तण आवरावं लागतं. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, पेरलेलं भात म्हणजे अनाथ पोर, कुणाच्या हाताखालून गेलेलं नाही. तरी तिने वरचं खाचर मला दिलं. खालच्यासाठी मात्र पालापाचोळा जाळून राब भाजला, रोपांचा वाफा केला आणि पेरणीच्याच दिवशी त्यात बी टाकलं.

पाऊस आला आणि मग दडी मारून बसला. वरचं भात उगवलेलं होतं, ते तग धरून राहिलं. वाफ्यातली रोपं वाढत गेली, पण चिखलणीला पाणी नाही म्हणून लावणी लांबली आणि रोपं वाफ्यातच जून झाली. शेवटी पाणी आलं तेव्हा आई, वहिनी आणि मी अशा तिघींनी लावली. दुसऱ्या दिवशी खालचं खाचर पिवळं पडलं, पानांची टोकं करपली, रोपं पाण्यावर आडवी झाली. आई शांत होती. लावणीनंतर असंच असतं, म्हणाली, रुसतं आणि मग धरतं. सासरी आलेल्या मुलीची उपमा इथे कुणीही देईल. मी देणार नाही, मला तिचा कंटाळा आहे.

रोपं धरली खरी. पण जून रोप, त्यामुळे फुटवे उशिरा आले आणि बेताचेच आले. वर मात्र तोवर पानं जमिनीला झाकायला लागली होती. मी मनातल्या मनात जिंकले होते.

मग एका रविवारी मी गेले, तर आई वरच्या खाचरात कमरेत वाकलेली. पाऊस लागून होता, तिच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद. पाठीमागे एका कोपऱ्यात सरळ ओळीने रोपांचे चूड लावलेले दिसले. वरच्या खाचरात ओळी असण्याचं काही कारणच नव्हतं.

ती दाट जागचं भात उपटून, तीन-चार रोपांचे चूड करून मोकळ्या जागी लावत होती. मी ओरडले. हो, आईवर ओरडले, आणि अजून मला ते पटतं. फुटवे येण्याचा ऐन काळ, आणि त्यातच मुळं तोडलेली. तिने एक रोप माझ्यापुढे धरलं.

"हे बघ, दोन फुटवे. खाली एकेका चुडाला मूठ भरते. हे वांझ हाय, तुझ्या दादाला काय दाखवू?"

तिचा हिशेब मला तेव्हा कळला. तिने जन्मभर भात मुठीने ओळखलं. खालच्या चुडात तीन-चार रोपं एकत्र, म्हणून मूठ भरायची. वर रोप एकटं, पण एका चुडाच्या जागेत अशी कितीतरी उभी. मी घरातून एका जुन्या टोपलीची सुटलेली गोल कड आणली. ती आधी खालच्या खाचरात ठेवली, आतल्या काड्या तिच्याकडून मोजून घेतल्या, मग वरच्या खाचरात ठेवली. वर जास्त निघाल्या.

"यातल्या किती लोंबीला येतील?" तिने विचारलं.

पण तिने उपटणं थांबवलं.

पुढचे दिवस मी धास्तीत काढले. वर्कशॉपमध्ये बिलं चुकायची, शेठ विचारायचा, तबियत ठीक आहे ना. कोपरा पिवळा पडला, कसाबसा सावरला. बाकीचं वरचं खाचर निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा कोपऱ्यात नुसती पानं. आईचंही खरं निघालं, वरच्या शेवटच्या फुटव्यांना लोंब्या आल्याच नाहीत किंवा पळिंजाने, पोकळ दाण्यांनी, भरल्या. पण आधीचे फुटवे पुरेसे होते. खालच्याच्या आधी वरचं पिकून पिवळं झालं, कोपरा तेवढा हिरवागार.

दादा बघायला आला तो नेमका तेव्हा. डंपरसाठी जागा मागणारा माणूस त्याच्याबरोबर होता, बांधाखाली मोटारसायकलवर बसलेला. दादाचं लक्ष पहिल्यांदा कोपऱ्याकडेच गेलं.

"ही पेरणी? अर्धं पिकलंय, अर्धं हिरवं. म्हणजे एकदम कापता पण येणार नाही."

अर्धं नव्हतं, कोपरा होता. पण रागात दादाचं माप नेहमीच मोठं असतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ते दिलं असतं तर शेत वाचलं असतं आणि आई उघडी पडली असती. मी बांधावरचं गवत उपटत राहिले. खालचा माणूस हॉर्न वाजवत होता.

आई बांधावर बसली होती. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"पेरणीचा दोष नाय त्यात. तेवढं मी उपटून लावलं. माझा हात लागला तेवढंच मागे पडलं. बाकीच्याला लागला नाय, ते पिकलं."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चाळीस वर्षं ज्या हाताची लावणी सगळं गाव वाखाणायचं, त्या हाताविरुद्ध तिने स्वतः साक्ष दिली होती, आणि तीही शेतासाठी. मला रडू आलं आणि तिचा रागही आला. मीच बोलायला हवं होतं असं अजूनही कधी कधी वाटतं, आणि कधी वाटतं, बोलले नाही तेच बरं.

दादा खाली उतरला. त्या माणसाशी काय बोलला ते ऐकू आलं नाही, मोटारसायकल सुरू होऊन निघून गेली एवढं दिसलं. परत येऊन त्याने विचारलं, पुढच्या वर्षी राब भाजायचा का. आई म्हणाली, खालच्यापुरता भाजायचा, तिथे पाणी तुंबतं, बी कुजेल. वरचं पेरायचं.

"मग वर तू काय करणार?"

"बसून बघणार," आई म्हणाली, आणि बांधावरून उठण्यासाठी तिने पहिल्यांदाच माझ्याकडे हात मागितला.