मी दिलेली तिची उत्तरं

माझी सगळी नोकरी उत्तरेत, केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यात झाली. लोकांच्या घरी जायचं, घरात माणसं किती, कोण काय काम करतं, कोण आजारी पडलं, कोण नोकरी शोधतंय, हे विचारायचं आणि लिहून आणायचं. पूर्वी कागदी तक्ते होते, आता टॅब आले. सुरुवातीची वर्षं मी स्वतः दारं ठोठावली, मग पर्यवेक्षक झालो आणि दारं ठोठावणाऱ्यांच्या चुका काढू लागलो. हे दुसरं काम मला जास्त मानवलं. ऑफिसात सगळे मला पाठीमागे खडूस म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा अभिमानही होता.

माझा सगळ्यात मोठा राग होता प्रॉक्सीवर. म्हणजे माणूस एक आणि त्याच्या वतीने उत्तरं देणारा दुसराच. घरात सहा जण असतात, पण सोफ्यावर बसलेला कर्ता पुरुष सहाही जणांची उत्तरं देऊन मोकळा होतो. घरी नसलेल्याचं किंवा स्वतः सांगता न येणाऱ्याचं दुसऱ्याने सांगितलेलं चालतं, नियमात तशी सोय आहे. पण सोय आहे म्हटल्यावर ती कशी वापरली जाते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. माहिती त्या व्यक्तीने स्वतः दिली की दुसऱ्याने, हे नोंदवायचा एक छोटा रकाना असतो. तोही पोरं न विचारता ‘स्वतः’ म्हणून भरून टाकतात. मी नेमका तोच रकाना आधी बघायचो.

पानिपतला एकदा रोजगाराच्या पाहणीत तपासणीला गेलो होतो. सासरेबुवा खाटेवर बसून सांगत होते, “बहू? कुछ नहीं करती जी, घर का काम करती है.” आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं, इतकं की सासऱ्यांना आवाज चढवून बोलावं लागत होतं. मी आत जाऊन विचारलं. सून कारखान्यातून आलेल्या चादरींच्या कडा शिवत होती, नगावर पैसे घेऊन, रोज सहा-सात तास. आमच्या तक्त्यात ती घरकाम करणारी म्हणून जाणार होती. म्हणजे काम करणाऱ्या बायकांच्या आकड्यातून ती एक बाई वजा. असे सासरे घरोघरी असले की देशाचा आकडा कुठे जाईल, तुम्हीच बघा. सासऱ्यांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांच्या लेखी ते कामच नव्हतं. मी हा किस्सा पुढे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला. शेवटी म्हणायचो, “ज्याचं आयुष्य त्यालाच विचारा.” पोरं वहीत लिहून घ्यायची.

गेल्या वर्षी आमची नोएडाची सोसायटी एका पाहणीच्या नमुन्यात आली. घरांची यादी झाली, त्यातून जी घरं निघाली त्यात आमचंही निघालं. मला गंमत वाटली. पाहणी वेळेच्या वापराची होती. घरातल्या प्रत्येकाने आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने सांगायचं. आमच्या घरी माणसं दोनच, मी आणि बायको. मुलं-बाळं झाली नाहीत. त्याबद्दल आम्ही फार बोललोही नाही.

शनिवारी सकाळी माहिती घ्यायला, क्षेत्र-अन्वेषक म्हणून, आमच्याच ऑफिसातली कंत्राटी मुलगी आली. तिला मीच शिकवलं होतं. माझ्या घराची तपासणी अर्थात दुसरा अधिकारी करणार होता. बायकोने तिला पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघरात परत गेली. माझा दिवस पाच मिनिटांत झाला. मग मुलगी म्हणाली, “सर, अब आंटी का?”

“लिखो,” मी म्हणालो, आणि सुरू झालो. साडेपाचला उठली. चहा, पूजा, नाश्ता, माझा डबा. दहा ते साडेअकरा साफसफाई, कपडे. मग स्वयंपाक, जेवण. दोन ते चार झोप. चार वाजता चहा, मग टीव्ही. मी भराभर सांगत होतो आणि तिची बोटं टॅबवर धावत होती. मग ती थांबली. अदबीने म्हणाली, “सर, कल तो शुक्रवार था. नौ से छह आप ऑफिस में थे ना? मैंने देखा था आपको.”

मला राग आला. “अरे, तीस साल से यही रूटीन है. बिल्कुल यही. तोंडपाठ आहे मला.”

मुलीला मराठी येत नव्हतं, पण अर्थ कळला असणार. ती मान खाली घालून म्हणाली, “सर, आपने ही सिखाया है. आंटी घर पे हैं.”

मी हाक मारली. बायको पदराला हात पुसत आली आणि खुर्चीच्या कडेला बसली. मुलीने अगदी मी शिकवलं होतं तसं, सावकाश विचारलं, “आंटी, कल सुबह उठने के बाद से बताइए. सबसे पहले क्या किया?”

बायको हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “अहो, सांगा ना.”

मी तोंड उघडलं. मुलगी म्हणाली, “सर, प्लीज.”

“चाय बनाई,” बायको म्हणाली. “फिर पोहे बनाए इनके लिए.” काल पोहे नव्हते, उपमा होता. एवढं तर कोणीही विसरेल. मुलीने पुढचं विचारलं. डब्याचं काही तिच्या बोलण्यात आलं नाही. साफसफाई आली. मग दुपार. “खाना खाने के बाद, आंटी?”

ती बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग एकदम चेहरा उजळला आणि म्हणाली, “करोल बाग गए थे. साड़ी लेने. ये भी थे साथ में.”

करोल बागला आम्ही गेलो होतो, ते दिवाळीच्या आधी. त्याला पाच महिने होऊन गेले होते. मी म्हणालो, “अगं, काल मी ऑफिसात होतो.” ती म्हणाली, “हो का?” तिच्या आवाजात वाद नव्हता. मी सांगतोय म्हणजे तसंच असेल, एवढंच. ती उठून कुकर बघायला गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

मुलीचं बोट टॅबवर अडून राहिलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, “सर, आंटी का... प्रॉक्सी डाल दूं?”

मी म्हणालो, “डाल दो.”

तिने तसं केलं. साडेपाच ते रात्री दहा, मी सांगितलेला सगळा दिवस गेला. दोन ते चार झोप. उत्तर देणारा, दुसरी व्यक्ती. नियमात ते बसत होतं. मुलगी निघताना पाया पडायला वाकली. ती आधी कधी पाया पडली नव्हती. मी तिला हाताने थांबवलं.

त्यानंतरचे आठ दिवस मी घरातल्या घरात तपासणी केली. दुसरं काय येतं मला? आणि जे सापडलं त्याचं खापर कोणावर फोडायची सोय नव्हती. इतकी वर्षं तिच्या बहिणीचा पुण्याहून फोन आला की तिच्या आधी मीच बोलायचो, “हो, मजेत आहे ती.” शेजारीण विचारायची, “भाभीजी, कैसी हैं?” आणि लिफ्टमध्ये मीच म्हणायचो, “बढ़िया, घुटने में थोड़ा दर्द है बस.” गुडघ्याच्या डॉक्टरकडेही तसंच. त्यांनी तिला विचारलं, दुखणं सकाळी जास्त असतं की रात्री, तर मी म्हणालो, रात्री. तिला बोलायचा त्रास नको म्हणून मी हे करतोय असं मला वाटायचं. तिने हळूहळू बोलायचं सोडलं आणि मला घरात शांतता आहे, एवढंच जाणवलं. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही, मग चुकीचं उत्तर कोणाच्या कानावर पडणार? मला फार लाज वाटली. आजही वाटते.

मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधीच मला बजावलं, “आप बीच में नहीं बोलेंगे.” मी हाताची घडी घालून बसलो. त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. प्रत्येक प्रश्नाला ती माझ्याकडे बघायची. मी जमिनीकडे बघायचो. तिला एकही शब्द आठवला नाही.

चाचण्या झाल्या, स्कॅन झालं. दुसऱ्या खेपेला तिला बाहेर बसवून डॉक्टरबाई माझ्याशी बोलल्या. आजाराचं नाव सांगितलं. औषधाने तो थांबणार नाही, फार तर वेग थोडा कमी होईल, म्हणाल्या. मी विचारलं, दोन वर्षं आधी आलो असतो तर? त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, “बीमारी तो रुकती नहीं. पर तब उनसे पूछ सकते थे. कहां रहना है, किसके पास, कैसे. अब ये सब आपको तय करना पड़ेगा.”

मग त्यांनी मला एक फॉर्म दिला. असा फॉर्म जवळच्या माणसाकडूनच भरून घेतात, म्हणाल्या, कारण या आजारात पेशंटला स्वतःच्या बदलाचं नीट सांगता येत नाही. म्हणजे इथे माझंच उत्तर हवं होतं. आयुष्यभर ज्या प्रॉक्सीवर दातओठ खाल्ले तीच माझ्याकडून रीतसर मागत होते.

मी बाहेर येऊन तिच्या शेजारी बाकावर बसलो. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आज ती कशी आहे, बरी, तशीच की वाईट, एवढीच खूण करायची होती. थोड्या दिवसांपूर्वी झालेलं बोलणं तिला आठवतं का? मी आठवून बघितलं, आमचं बोलणं शेवटचं कधी झालं होतं. टीव्हीवरची किंवा पुस्तकातली गोष्ट तिला समजते का? ती कोणती पुस्तकं वाचायची, ते मला माहीत नव्हतं. घरातले निर्णय घेता येतात का? निर्णय मीच घ्यायचो. तिला येत होते की नाही, हे बघायची वेळच कधी आली नव्हती. आजच्या बाईबद्दल मी अंदाजाने काही लिहिलं असतं. दहा वर्षांपूर्वीच्या बाईबद्दल मला काहीच सांगता येईना. सव्वीस प्रश्न होते, मी दोनावर खुणा केल्या आणि पेन हातात धरून बसलो.

ती वाकून कागदाकडे बघत होती. “काय लिहिताय हो?”

“तुझ्याबद्दल विचारलंय,” मी म्हणालो.

“माझ्याबद्दल? मग मला विचारा ना.”

तिने पर्स मांडीवर नीट ठेवली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळून बसली. ती खरंच वाट बघत होती. मला एकही प्रश्न विचारता आला नाही.