सव्वीसचे एकोणीस

ऑफिसात तिला सगळे कारणबाई म्हणत. एखादं काम मुदतीत झालं नाही की ग्राहकाला कळवणारं पत्र अकरा वर्षं तीच लिहीत आली होती. तिच्या पत्रात रडगाणं नसे, म्हणून ग्राहकांचा तिच्यावर भरवसा होता आणि साहेबांना तो आयताच वापरायला मिळे.

या खेपेला एका दवाखान्याच्या जुन्या नोंदी पाच तारखेपर्यंत नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायच्या होत्या. त्या हलल्या नाहीत. तिनं सरळ लिहिलं, ‘आधी थोड्या नोंदी हलवून बघायची चाचणी आम्ही वगळली, त्यामुळे हजारो जन्मतारखा चुकीच्या उतरल्या. चूक आमची आहे. आता आधी चाचणी, मग तुमची तपासणी, मग सगळ्या नोंदी. काम सव्वीस तारखेला पूर्ण होईल.’ सव्वीस ही तारीख प्रोग्रामरनं एकेक दिवस मोजून दिली होती.

साहेबांनी पत्र वाचलं, मान डोलावली, सव्वीसचे एकोणीस केले आणि तिच्याच नावानं धाडून दिलं.

तासाभरात दवाखान्याच्या व्यवस्थापकबाईंचा फोन आला. “इतकं स्वच्छ पत्र कुणी लिहीत नाही हो. तुमचं नाव बघून मी डॉक्टरांना एकोणीस तारीख सांगूनही टाकली. नक्की ना?”

काचेपलीकडून साहेब बघत होते. तिच्या तोंडून “हो” निघून गेलं.

फोन ठेवून तिनं कोरं पत्र उघडलं, वर आजची नव्हे, वीस तारीख घातली आणि कारणाच्या जागी लिहिलं, ‘मी हो म्हणाले.’