रखमाबाईचा खोकला गेला तेव्हा

पंढरीकाका गाडीला लगेच नाव देत नाहीत. कोपरीतल्या त्यांच्या घरातला रिवाजच तसा आहे. गाडी आधी दारात राहते, कुरकुर करते, एकदा तरी अडून बसते. मग घरातला कर्ता पुरुष तिच्या स्वभावावरून नाव ठेवतो. हा मान बाहेरच्या कुणाला नाही.

त्यांच्या जुन्या स्कूटरचं नाव रखमाबाई. ते त्यांच्या वारलेल्या आत्याचं नाव. आत्या खाकरल्याशिवाय अंथरुणातून उठत नसे. स्कूटरचंही तसंच. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, गाडी स्वतःकडे कलती करून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरवायचं, मग किक. ती दोनदा खोकायची. नंतर धूर सोडत बोलू लागायची. उभी असली की आवाज चढायचा, उतरायचा. सकाळी मी कॉलेजात शिकवायला निघायचो तेव्हा शेजारून हे सगळं ऐकू यायचं.

कोपरीच्या पुलावर एकदा ती बंद पडली. काकांनी तिला टेम्पोत घालून आंबिवलीला पोपटशेठच्या गॅरेजमध्ये पाठवलं. पोपटशेठ त्यांचे शाळेपासूनचे मित्र. स्कूटर परत आली तेव्हा काकांनी सवयीने ती कलती केली आणि किक मारली.

एका किकमध्ये चालू. खोकला नाही. आवाज सरळ, एका सुरात.

काकांनी लगेच बंद केली. पुन्हा किक मारली. पुन्हा तेच.

"नयन," ते मला हळूच म्हणाले, "ही रखमाबाई नाय."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. जुन्या स्कूटरच्या इंजिनांना हल्ली शौकीन लोक वाटेल तो भाव देतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. पोपटने इंजिन बदललं, हे त्यांच्या मनाने घेतलं. मागच्या शॉकॲब्झॉर्बरजवळ इंजिनवर कोरलेला नंबर मी रॉकेलच्या फडक्याने पुसून आरसी बुकाशी ताडून पाहिला. जुळला.

"नंबर काय, ठोकता येतो," काका म्हणाले.

सखुबाईकाकूंनी आतून विचारलं, की मित्रावर आळ घेताना जीभ कशी रेटते.  पण पोपटशेठचा फोन आला तो काकांनी उचलला नाही. मुलीच्या लग्नात मांडवाचं सगळं ज्याच्या हाती सोपवलं, त्याचा फोन.

रविवारी ते मला मागे बसवून आंबिवलीला निघाले.  मान किंचित वाकडी, कान इंजिनकडे. वेग वाढला की डाव्या बाजूचं झाकण पूर्वीसारखंच थरथरत होतं आणि ते पूर्वीसारखंच पायाने दाबत होते.

"अंग तिचंच आहे," ते म्हणाले. "जीव कुणाचा?"

पोपटशेठ चहा सांगायला उठले, तर काकांनी नको म्हटलं. मग सरळ विचारलं, माझं इंजिन कुठाय? पोपटशेठ ओरडले नाहीत. सांगितलं एवढंच, की क्रँकचं ऑइल सील, म्हणजे रबराचं कडं, कडक होऊन फाटलं होतं, इंजिन तिथून हवा ओढत होतं. म्हणून आवाज वरखाली व्हायचा. कार्बोरेटरचा जेट, पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तोही कचऱ्याने बुजला होता.

"ती खोकत नव्हती, पंढरी. धापा टाकत होती. अजून थोडी चालवली असतीस तर पिस्टन जाम झाला असता."

काकांच्या चेहऱ्यावरचा संशय हलला नाही. तेव्हा पोपटशेठनी पाना घेतला आणि इंजिनावरचं पत्र्याचं आवरण उतरवलं. आत इंजिनच्या हेडवर, ते गार ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांपैकी एक पट्टी कोपऱ्यात तुटलेली होती. तुटलेली कड जुनी, काळी पडलेली.

काका खाली बसले. त्यांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. प्लग काढताना पाना निसटून ती पट्टी त्यांच्याच हातून तुटली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. इंजिन उघडणाऱ्या पोपटशेठना ते दिसलं असणारच. त्यांनीही कधी विषय काढला नव्हता.

 आता काका माफी मागतील, असं मला वाटलं. काकांनी माफी मागितली नाही. आवरण परत बसल्यावर त्यांनी किक मारली आणि ते बाजूला झाले.

"रखमाबाई आता शोभत नाय हिला," ते म्हणाले. "तू ठेव नाव."

पोपटशेठना तो रिवाज ठाऊक होता. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला, सोडला. सोडल्यावर इंजिन आतल्या आत पटपट, पटपट पुटपुटलं आणि पुन्हा शहाण्यासारखं चालू लागलं.

"सूनबाई," पोपटशेठ म्हणाले. "पहिल्या हाकेला उठते. उलट बोलत नाही. पण पाठ वळली की पुटपुटते."

काकांनी पुन्हा ऐकलं. डोळे बारीक करून, अजूनही पुरता विश्वास नसल्यासारखं.

"हां," ते म्हणाले. "चहा सांग."