टाक्यांना हात लावायचा नाही

पेंटर पहिल्यांदा आमच्या खोलीत आले तेव्हा त्यांची मुलगी नऊ दिवसांची होती. ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, हिरडीत फट आणि टाळूही उघडी. मी हॉस्पिटलच्या दंतविभागात टेक्निशियन. प्लास्टरचे जबडे ओतायचे, त्यावर प्लेटा आणि कवळ्या बनवायच्या. माणसांपेक्षा जबड्यांशी माझं जास्त पटतं, ते उलट बोलत नाहीत. आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडमनी बाळाच्या तोंडाचं माप, म्हणजे मऊ लगद्यात उठवलेला ठसा, घेतलं आणि मी टाळूला बसणारी, बोटाच्या पेराएवढी प्लेट बनवली. फटीच्या दोन कडा जवळ याव्यात म्हणून ती दर आठवड्याला थोडी घासायची, थोडी भरायची. पेंटर एकही आठवडा चुकले नाहीत.

दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्यांचा धंदा. शिडीवर उभे राहून, पेन्सिलची रेघ न मारता सरळ ओळ काढायचे. बायकोची पहाटेची पाळी, त्यामुळे मुलीचं दूध, प्लेट धुणं, ओठ ओढून धरणाऱ्या गालावरच्या पट्ट्या बदलणं सगळं यांच्याकडे. पाचव्या महिन्यात ओठ शिवला, वर्षाची झाल्यावर टाळू. तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनी बजावलं, "टाक्यांना हात लावायचा नाही. चमचा नाही, ब्रश नाही, काही नाही."

सिस्टर बरोबरच बोलल्या. फक्त हे काही आठवड्यांपुरतं आहे, पुढे रोज घासायचं, एवढं सांगायचं राहिलं. मॅडमना वाटलं वॉर्डात सांगितलं असेल, वॉर्डाला वाटलं दातवाले सांगतील. एवढं मोठं हॉस्पिटल, आणि एक वाक्य सांगायला माणूस नाही. मीही त्यातलाच.

मुलगी पाच वर्षांची झाल्यावर तिचं माप पुन्हा माझ्या टेबलावर आलं. मागचे दात ठीक होते. फटीशेजारचे मात्र किडून खुंट झालेले. मी बाहेर जाऊन विचारलं, "पेंटर, इथे ब्रश फिरत नाही का?"

"तिथे कसा फिरवणार साहेब? टाके आहेत ना!"

टाके विरघळून चार वर्षं झाली होती. मॅडमनी त्यांच्या हातात ब्रश दिला आणि आरशासमोर फटीशी घासून दाखवायला सांगितलं. त्यांनी ब्रश फटीपर्यंत नेला आणि झटकन मागे घेतला, असं तीनदा झालं, तशी मुलगीच घाबरली आणि तिने तोंड मिटून घेतलं. त्यानंतर त्या कोपऱ्याला ती कुणालाच हात लावू देईना, स्वतःलासुद्धा. रडणाऱ्या लेकरावर जबरदस्ती करणं बापाला जमलं नाही.

या मुलांच्या हिरडीतल्या फटीत कमरेचं हाड भरतात. सुळा खाली उतरायच्या आत भरलं तर तो त्या नव्या हाडातून येतो आणि पक्का बसतो. नवव्या वर्षी तारीख ठरली. वरचा जबडा रुंद करून झाला, आणि फटीशेजारच्या कायमच्या दाताखाली पू निघाला. पू असलेल्या तोंडात हाड टिकत नाही. तारीख रद्द. तो दात वाचवायच्या खटपटीत वर्ष गेलं आणि शेवटी काढावाच लागला. तोवर सुळा हाडाशिवायच फटीत उतरू लागला होता.

हाड भरलं, पण उशिरा. आठ दिवसांत जखम उघडली आणि भरलेल्या हाडाचे कण पोरीच्या थुंकीतून बाहेर आले. पेंटरनी ते कागदात गुंडाळून आणले. "हे परत बसवता येईल?" त्यांनी मॅडमना विचारलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. चौदाव्या वर्षी पुन्हा भरलं, ते निम्मं धरलं.

तेव्हापासून प्रत्येक भेटीत त्यांचा एकच प्रश्न, "माझ्यामुळे झालं का हे?" मॅडम म्हणायच्या, "अहो, असं होतं काही मुलांत." मी म्हणायचो, "पेंटर, मनाला लावून घेऊ नका." आम्ही सगळे खोटं बोलत होतो, आणि तेही आमच्याच सोयीसाठी.

एकोणिसाव्या वर्षी, वाढ थांबल्यावर, मागे राहिलेला वरचा जबडा ऑपरेशनने पुढे घ्यायचं ठरलं. त्याआधी तो सुळा काढायचा होता, कारण फटीकडच्या बाजूने त्याच्या मुळाला हाडच नव्हतं. मॅडमनी बोट लावलं तर हलायचा. मुलगी आता कॉलेजात होती आणि सगळी फाइल तिने स्वतः वाचली होती. सुळा काढला, तिने तोंडात कापूस धरला. पेंटर खुर्चीपाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी तेच विचारलं, या वेळी तिला.

तिने कापूस काढला. "हो बाबा. तुमच्यामुळेही."

मी हातातलं माप उगाच धुवत राहिलो. एवढ्या वर्षांत खरं बोलणारं पहिलं माणूस ती होती, आणि मला तिचा राग आला, मग स्वतःचा.

पेंटर खाली स्टुलावर बसले. रडले नाहीत.

"मग आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांचा हात धरला. दुसऱ्या हाताने कापूस पुन्हा जागेवर ठेवला.