मंगळवारसाठी चार माणसं

तळमजल्यावर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईला अख्खी सोसायटी टायपिंगताई म्हणते. वीस वर्षं तिनं लोकांचे अर्ज, पत्रिका नीटनेटक्या करून दिल्या. स्वतःसाठी कागद छापायची वेळ लिफ्टनं आणली. सोमवारपासून चार दिवस ती बंद, आणि चौथ्या मजल्यावरच्या तिच्या आईचं डायलिसिस मंगळवारी आणि गुरुवारी. आईला खुर्चीत बसवून उतरवायला चार धडधाकट माणसं हवीत. घरात तर दोघीच.

सेक्रेटरीकाकांनी नोटिशीचा मसुदा आणला. सगळं जाड अक्षरांत, सगळ्याखाली रेघ.

"काका, सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं?"

"अगं, पण 'सन्माननीय' काढलंस तर लोक रागावतील."

"रागवायला आधी वाचायला तर हवं!"

वर अंगठ्याएवढ्या अक्षरांत 'लिफ्ट बंद'. खाली त्याच्या निम्म्यात वार. मग मोकळी जागा सोडून चौकटीत 'मंगळवारी सकाळी सातला आजींना खाली आणायला चार जण हवेत.' काकांची कारणं आणि सही त्याखाली बारीक. तळाला दहा उभ्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर 'मंगळवार ७, आजींची खुर्ची' आणि तिचा नंबर. नुसता नंबर खिशात सापडला तर कुणाचा, कशाचा, कसं आठवायचं? कात्रीनं चिठ्ठ्या सुट्या केल्या, वरून तेवढ्या जोडलेल्या ठेवल्या. सहा पावलं मागं जाऊन वाचलं. जमलं.

शुक्रवारी काकांनी नोटीस लावली. रविवारी दुपारपर्यंत फोन मुका. ती बोर्डापाशी गेली, तर दहाच्या दहा चिठ्ठ्या तशाच. चाळीस बिऱ्हाडं, आणि एकालाही वाटू नये? तिनं चिठ्ठीकडं हात नेला, नखं काचेवर टकटकली.

काचेला कुलूप होतं.

"काका! चिठ्ठ्या काय डोळ्यांनी फाडायच्या?"

"पोरं फाडतात गं, म्हणून..."

"फाडायलाच आहेत त्या!"

किल्ली कपाळावर मारून घेत काका हसत सुटले. तिला मात्र आपलाही हलगर्जीपणा दिसला: नंबर फक्त चिठ्ठ्यांवर, तोही आडवा पडलेला. तिनं चौकटीखाली तो पेनानं ठळक लिहिला, नोटीस लिफ्टच्या दारावर छातीच्या उंचीला चिकटवली आणि एक चिठ्ठी आपणच फाडली. पहिलं कुणालाच व्हायचं नसतं.

तासाभरात फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर. "ताई, परवाच वाचलं. काचेतून मान वाकडी करून नंबर टिपत होतो, तीन आकड्यांवर मान आखडली!"

संध्याकाळपर्यंत आठ जण झाले. जास्तीच्या चौघांना तिनं गुरुवार दिला आणि भिंतीला टेकून मोठा श्वास घेतला.

आई पलंगावरून म्हणाली, "माझं वजन सांगितलंस का त्यांना?"

"चिठ्ठीवर जागा नव्हती."